फेरफारांच्या एक्सेलवर किती विश्वास ठेवायचा? मूळ पानांशी पडताळणी तुम्ही कशी करता?

मृण्मयी_पुणे

नमस्कार मंडळी. मी एका वकिलांच्या ऑफिसात टायटल सर्चचं काम बघते. सध्या एका मोठ्या जमिनीचं काम आलंय, बरेच गट आहेत. साधारण १५०० हस्तलिखित फेरफार आणि ९०० छापील इंडेक्स-टू, सगळं स्कॅन करून घेतलंय. हे सगळं आम्ही बसून वाचायचं म्हटलं तर दिवाळी उजाडेल, म्हणून पक्षकारानेच एका व्हेंडरला काम दिलं. त्यांचं सॉफ्टवेअर स्कॅन वाचतं, प्रत्येक दस्ताचे १४ रकाने एक्सेलमध्ये भरतं (नोंद क्रमांक, तारीख, गट, क्षेत्र, देणार, घेणार, शेरा वगैरे) आणि शेवटी तीन-चार ओळींचा सारांश देतं. पान क्रमांकही लिहून येतो.

व्हेंडर म्हणतो, अचूकता ९८ टक्के. सरांना या एक्सेलच्या आधारावर शोध अहवालावर सही करायची आहे, आणि ते मला म्हणाले, "थोडं रँडम तपासून घे." थोडं म्हणजे किती, आणि रँडम म्हणजे नक्की कसं? कोणी हे केलं असेल तर सांगा.

झटपट_जोशी

दहा टक्के. म्हणजे २४०. ऑडिटमध्ये आम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलोय. प्रत्येक फाइलमधले पहिले काही दस्त काढा, एक्सेल एका स्क्रीनवर, स्कॅन दुसऱ्या स्क्रीनवर, टिक मारत जा. शितावरून भाताची परीक्षा, त्यात एवढं काय?

नमुनेदार

जोशीबुवा, शितावरून भात कळतो ते पातेलं एकच असेल आणि भात सारखा शिजला असेल तर. इथे दोन पातेली आहेत. हस्तलिखित फेरफार आणि छापील इंडेक्स-टू यांत चुकांचं प्रमाण सारखं असणं शक्यच नाही. दोन्ही एकत्र करून एक आकडा काढलात तर छापील दस्त हस्तलिखितांच्या चुका झाकून टाकतील. दोन गठ्ठे वेगळे, दोन सॅम्पल वेगळी, दोन निकाल वेगळे. हस्तलिखितातही लिहिणारे तलाठी बदलत गेलेले दिसत असतील, तर निदान जुनी-नवी दशकं अशी फोड करा.

दुसरं, "दहा टक्के" या आकड्याला अर्थ नाही. गठ्ठा २४०० चा असो की २४,००० चा, तुम्ही किती तपासले यावर खात्री ठरते, एकूण किती टक्के तपासले यावर नाही. (गठ्ठा अगदीच लहान असेल तर गोष्ट वेगळी.) ढोबळ हिशेब असा: तुम्ही ३०० दस्त तपासले आणि एकही चूक निघाली नाही, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की चुकीचे दस्त १ टक्क्यापेक्षा जास्त नसावेत. १०० तपासून शून्य निघाल्या तर तोच अंदाज ३ टक्के. ३ भागिले तपासलेली संख्या, बस. चूक निघाली की हा सोपा हिशेब लागू राहत नाही, मर्यादा वर सरकते.

आणि पहिले दस्त कधीच घेऊ नका. फाइलच्या सुरुवातीची पानं सगळ्यात स्वच्छ असतात, शिवाय व्हेंडरने डेमोसाठी बहुधा तीच वापरलेली असतात.

मृण्मयीताई, एक विचारतो. ९८ टक्के म्हणजे कशाचे? रकान्यांचे की दस्तांचे?

मृण्मयी_पुणे

करारात "field level accuracy" असं लिहिलंय. म्हणजे रकान्यांचे.

नमुनेदार

मग गंमत बघा. एक रकाना बरोबर असण्याची शक्यता ०.९८ धरली आणि दस्ताला १४ रकाने असले, तर सगळेच्या सगळे बरोबर असण्याची शक्यता ०.९८ चा चौदावा घात, म्हणजे सुमारे ०.७५. करार पूर्ण पाळूनही चारातल्या एका दस्तात काहीतरी चुकलेलं असू शकतं. प्रत्यक्षात इतकं वाईट नसतं, कारण चुका एकाच घाणेरड्या पानावर गर्दी करतात. पण सरांना सही करायची आहे ती दस्तांवर. रकान्यांची टक्केवारी त्यांच्या काहीच कामाची नाही.

म्हणून मोजताना एकक "दस्त" ठेवा. आणि चुका दोन प्रकारच्या माना. "शिंदे" चं "शिदे" झालं ही एक. हक्क, क्षेत्र, गट किंवा मंजुरी बदलून टाकणारी दुसरी. दुसऱ्या प्रकारची एक जरी निघाली तरी तो दस्त नापास.

कोकणी_पाहुणा

माझाही हाच प्रॉब्लेम आहे. आमच्या आजोबांचं नाव जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर बरोबर आहे, पण संगणकावर चढवताना वडिलांच्या नावाच्या जागी भलतंच नाव आलंय. तलाठी भाऊसाहेब म्हणतात वर अर्ज करा. वर म्हणजे कुठे? कोणी सांगेल का?

फेरफारवाले_काका

कोकणी पाहुणे, तुमचा प्रश्न या धाग्याचा नाही, पण सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १५५, लेखनप्रमाद दुरुस्ती. तहसीलदारांकडे अर्ज, सोबत जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल आणि तो ज्या फेरफाराने आला त्याची नक्कल. नोटिसा निघतील, आदेश होईल, मग त्या आदेशाचा फेरफार होईल. वेळ लागतो, मागे लागावं लागतं.

मृण्मयीबाई, आता तुमच्याकडे वळतो. मी महसूल खात्यात आयुष्य काढलं, फेरफार लिहिलेही आणि तपासलेही. कॉम्प्युटरचं मला फार कळत नाही, पण तुमचं सॉफ्टवेअर कुठे घसरणार ते सांगू शकतो.

गाव नमुना सहाला चार रकाने. नोंदीचा अनुक्रमांक, हक्काचं स्वरूप, परिणाम झालेले भूमापन क्रमांक, आणि चौथा तपासणी अधिकाऱ्याचा शेरा. सगळी कहाणी दुसऱ्या रकान्यात, आणि सगळा निकाल चौथ्यात. तलाठ्याने दुसऱ्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलेलं असतं, "अमुक यांनी तमुक यांस खरेदी दिली, सबब नोंद केली." आणि चौथ्या रकान्यात सर्कलने तिरक्या अक्षरात, शाई संपत आलेल्या पेनाने लिहिलेलं असतं, "तक्रार, सबब नोंद रद्द." तुमचं सॉफ्टवेअर दुसरा रकाना वाचून खरेदी झाली म्हणणार. सारांशही तसाच लिहिणार. पुढच्या फेरफारात तीच व्यक्ती पुन्हा मालक म्हणून दिसेल आणि तुम्ही डोकं खाजवत बसाल.

दुसरं, एका पानावर दोन-तीन नोंदी असतात. वरच्या नोंदीचा शेरा खालच्या नोंदीला चिकटतो. पान क्रमांक बरोबर, मजकूर शेजारच्या घरचा.

मृण्मयी_पुणे

काका, तुम्ही चौथ्या रकान्याचं म्हणालात म्हणून आत्ताच सहज दहा-बारा उघडून बघितले. एकात अगदी हेच! एक्सेलमध्ये शेरा "मंजूर". स्कॅनमध्ये "ना" पानाच्या घडीत गेलाय आणि फक्त "मंजूर" नीट दिसतंय. घडी नीट झूम करून बघितली तर "ना" ची काठी दिसते.

झटपट_जोशी

बघा! मग सोपं आहे. एक्सेलमध्ये शेऱ्याचा रकाना फिल्टर करा, "मंजूर" सोडून जे काही असेल तेवढं तपासा. बाकी सोडून द्या.

नमुनेदार

उलट होईल जोशीबुवा. धोका "मंजूर" लिहिलेल्यांतच लपलाय. ज्यात नामंजूर लिहून आलंय तिथे निदान सॉफ्टवेअरने काहीतरी वाचलंय. पण तुमच्या बोलण्यात एक गोष्ट बरोबर आहे: सगळ्या रकान्यांना सारखी मेहनत द्यायची गरज नाही. यावर नंतर येतो.

आधी सॅम्पल कशातून काढायचं ते. एक्सेलच्या ओळींतून काढू नका. स्कॅनच्या यादीतून काढा. एक्सेलमधून काढलंत तर जो दस्त सॉफ्टवेअरने वाचलाच नाही तो तुमच्या हाती येण्याची शक्यता शून्य. म्हणजे फोल्डरमधल्या फाइलींची यादी करा, एका पानावर तीन नोंदी असतील तर तीन ओळी, प्रत्येकाला प्रकार लिहा आणि मग:

```
import pandas as pd
d = pd.read_excel("scan_yadi.xlsx")
h = d[d.prakar == "hast"].sample(200, random_state=41)
c = d[d.prakar == "chhapil"].sample(100, random_state=41)
pd.concat([h, c]).to_excel("tapasani.xlsx", index=False)
```

पायथन नको असेल तर एक्सेलमध्येच एका रकान्यात `=RAND()` भरा, लगेच कॉपी करून फक्त व्हॅल्यू पेस्ट करा, त्यावर सॉर्ट करा आणि वरचे घ्या. व्हॅल्यू पेस्ट केली नाही तर प्रत्येक क्लिकला आकडे बदलतात आणि कोणते निवडले होते ते सांगता येत नाही. निवड झाली की बदलायची नाही. "हे पान फारच पुसट आहे, दुसरं घेऊ" हा मोह सगळ्यांना होतो. पुसट पानंच तर बघायची आहेत.

फेरफारवाले_काका

वाचलेच न गेलेले दस्त शोधायला तुमच्या त्या रँडमचीही गरज नाही. सातबाऱ्यावर प्रत्येक खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक असतो. इतर हक्कांतही असतो. तुमच्या गटांचे जुने-नवे सातबारे घ्या, वर्तुळातले सगळे आकडे एका कागदावर उतरवा आणि एक्सेलशी ताडून बघा. जो आकडा सातबाऱ्यावर आहे आणि एक्सेलमध्ये नाही, तो एकतर स्कॅन झाला नाही किंवा वाचला गेला नाही. काम एका दिवसाचं आहे, आणि हे सगळ्यांचं होतं, थोड्यांचं नाही.

आणि तुम्ही सातबाऱ्यांचाही सारांश काढला असेल तर एक भयंकर गोष्ट बघा. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस करतात. नाव खोडत नाहीत, नुसता कंस. मशिनला तो कंस म्हणजे काय कळणार? गेलेली माणसं मालक होऊन बसतात.

अटलांटिकपार

मी अमेरिकेत क्लिनिकल ट्रायलच्या डेटावर काम करते. आमच्याकडे हॉस्पिटलच्या मूळ कागदांशी फॉर्म ताडून बघण्याला सोर्स डेटा व्हेरिफिकेशन म्हणतात. पूर्वी सरसकट शंभर टक्के करायचे, आता धोका बघून महत्त्वाची फील्ड्स शंभर टक्के आणि बाकीची सॅम्पलवर, असा कल आहे. तुमचा शेऱ्याचा रकाना पहिल्या गटात जाईल असं वाटतं.

एक अनुभवाची गोष्ट. तपासणाऱ्याला आधी एक्सेलमधलं उत्तर दाखवू नका. "०-८५" असं डोळ्यासमोर असलं की पानावरचा घसरटलेला आकडा ०-८५ च दिसतो. आधी पानावरून स्वतः लिहायचं, मग दोन्ही रकाने शेजारी ठेवून फरक काढायचा. वेळ जास्त जातो, पण टिक मारण्यात आणि यात निकालाचा फरक खूप पडतो.

झटपट_जोशी

एवढं कोण करणार? दोन माणसं एकाच स्क्रीनसमोर बसवा, एक वाचेल, एक टिक करेल. आमच्याकडे कधी चूक निघाली नाही.

नमुनेदार

कधीच निघाली नाही हीच तर काळजीची गोष्ट. वाचणारा एक्सेल वाचतो, टिक करणारा स्कॅन बघतो, आणि तिसऱ्या तासाला दोघंही एकमेकांच्या भरवशावर असतात. मी अटलांटिकपार यांच्या बाजूने. फक्त सगळ्यांसाठी नको, चार-पाच महत्त्वाचे रकाने कोऱ्या फॉर्मवर लिहून घ्या: गट, क्षेत्र, देणार-घेणार, तारीख, शेरा. उरलेले बघून टिक केलेत तरी चालेल.

मृण्मयी_पुणे

क्षेत्राचं काय करायचं? जुन्या फेरफारांत "२-१५" असं असतं, नव्यात "०.९६.१०". एक्सेलमध्ये सगळं एकाच रकान्यात "२.१५", "०.९६" असं आलंय.

फेरफारवाले_काका

मोठी भानगड आहे ती. जुनं २-१५ म्हणजे दोन एकर पंधरा गुंठे. एकराचे ४० गुंठे, म्हणजे ९५ गुंठे. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणून ते सुमारे ९६ आर झाले, ०.९६.१० च्या आसपास. तुमच्या उदाहरणातले दोन्ही आकडे म्हणजे एकच जमीन आहे. पण एक्सेलमधलं "२.१५" कोणी हेक्टर समजून बेरजेत घेतलं तर जमीन फुगून जवळजवळ सव्वादोन पट होते.

क्षेत्राच्या रकान्यासोबत एककाचा रकाना मागून घ्या. तो नसेल तर क्षेत्र तपासण्यात अर्थच नाही, कारण आकडा बरोबर आणि अर्थ चूक. आणि एक झटकन सापडणारी खूण: एकर-गुंठ्यात दुसरा आकडा ३९ च्या वर जाऊच शकत नाही. "१-५५" दिसलं की ते एकतर हेक्टर-आर आहे नाहीतर वाचण्यात चूक आहे.

बेरजाही लावा. लागवडीचं क्षेत्र अधिक पोटखराबा म्हणजे गटाचं एकूण क्षेत्र. सगळ्या खातेदारांच्या हिश्श्यांची बेरीजही तेवढीच यायला हवी. हे सॅम्पलवर नको, सगळ्यांवर करा, ते यंत्राचं काम आहे.

देवनागरी_टंक

आकड्यांवरून आठवलं, ओसीआरवर थोडं काम केलंय. देवनागरी चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो, त्यामुळे ४ आणि ८ ची अदलाबदल फार होते, विशेषतः जिथे एकाच पानावर दोन्ही लिप्यांचे आकडे आहेत. हाताच्या अक्षरात १ आणि ९, ५ आणि ६ यांचीही होते. गट नंबरमध्ये ८ किंवा ४ असलेले दस्त वेगळे काढून त्यांचं एक लहान सॅम्पल बघा. पोटहिस्सेही बघा, ११२/२/१ चं ११२/२१ होतं.

नमुनेदार

चांगली सूचना, पण ते सॅम्पल वेगळं ठेवायचं. संशयावरून उचललेले दस्त मूळ रँडम ३०० मध्ये मिसळले तर चुकांचं प्रमाण फुगेल आणि पूर्ण गठ्ठ्याबद्दल काहीच बोलता येणार नाही. संशयाचं सॅम्पल चुका शोधायला, रँडम सॅम्पल चुका मोजायला.

मृण्मयी_पुणे

मंडळी, निकाल घेऊन आलेय. ऑफिसातली इंटर्न आणि मी, दोघींनी वेगवेगळं कोऱ्या फॉर्मवर लिहिलं. जिथे आमचंच जुळलं नाही तिथे सरांनी मूळ पान बघून ठरवलं.

हस्तलिखित २०० पैकी ९ दस्त नापास. छापील १०० पैकी १ नापास, त्यात मोबदल्याच्या जागी बाजारभाव आलाय. हस्तलिखितांतल्या ९ पैकी ६ शेऱ्याचे, २ क्षेत्राचे. एकात तर कमालच झाली. नाव बरोबर, पण नावापुढचं "ए.कु.मॅ." गायब. सारांशात लिहून आलं, "सदर मिळकत एकट्याच्या मालकीची." बारीकसारीक चुका धरल्या तर २०० दस्तांच्या २८०० रकान्यांत ३१ चुका.

आता व्हेंडर म्हणतोय, ३१ भागिले २८०० म्हणजे १.१ टक्का, म्हणजे आमची अचूकता ९८.९, करारापेक्षा जास्त! बिल पास करा.

फेरफारवाले_काका

ए.कु.मॅ. गेला म्हणजे अर्धं टायटल गेलं. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं नाव एकट्याचं दाखवलं, तर भाऊ-बहिणींच्या हिश्श्याचा प्रश्न अहवालात उठणारच नाही. "अ.पा.क." लाही तेच. तो गळला की अज्ञान मुलाच्या वतीने सही करणारा पालक स्वतःच खातेदार दिसतो.

नमुनेदार

व्हेंडर खोटं बोलत नाहीये, तो करारातलं एकक वापरतोय. तुमच्या एककात हस्तलिखितांतले ४.५ टक्के दस्त नापास आहेत. १५०० वर नेलं तर अंदाजे ६७-६८ दस्त. पण हा मधला अंदाज. २०० पैकी ९ वरून ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा साडेसात ते आठ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी येते, म्हणजे ११५ पर्यंत दस्त. छापीलमध्ये १०० पैकी १ ची वरची मर्यादा पावणेपाच टक्क्यांच्या जवळ, म्हणजे तिथेही "एकच तर चूक" म्हणून सोडण्यासारखं नाही. हवं तर छापीलचे आणखी २०० घ्या, ते लवकर होतात.

मात्र ९ पैकी ६ एकाच रकान्यात आहेत ही मोठी सोय आहे. आता सॅम्पल पुरे झालं, चौथा रकाना १५०० च्या १५०० दस्तांत बघा. पानाच्या उजव्या पट्टीचे तुकडे कापून एकाखाली एक लावले तर एक माणूस बसून दोन दिवसांत बघू शकेल. पूर्ण दस्त वाचायची गरज नाही.

झटपट_जोशी

आणि तो ए.कु.मॅ.? तो तर २०० मध्ये एकदाच सापडला. त्यासाठीही सगळे १५०० बघायचे?

नमुनेदार

हा प्रश्न चांगला आहे आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. गळलेली गोष्ट शोधायची दिशा उलटी असते. एक्सेलमध्ये जे लिहिलंय ते पानावर आहे का, हे बघून गळती कधीच सापडत नाही. पानावर जे आहे ते एक्सेलमध्ये आणि सारांशात आलंय का, हे विचारावं लागतं. मृण्मयीताईंना ते सापडलं कारण त्यांनी कोऱ्या फॉर्मवर लिहिलं. पण एवढ्या विरळ चुकीचा अंदाज २०० च्या सॅम्पलवरून फार कच्चा येतो.

फेरफारवाले_काका

तिथे मी सांगतो. गळती कुठे महाग पडते ते ठरलेलं आहे. इतर हक्कांचा रकाना. बोजा, कुळाचं नाव, "कुळ कायदा कलम ४३ ला पात्र", विहिरीतला हिस्सा, पुनर्वसनाचा शिक्का. एक्सेलमध्ये ज्या ज्या गटाचा इतर हक्कांचा रकाना रिकामा आहे, ते सगळे सातबारे हाताने उघडा. रिकामा रकाना खरंच रिकामा आहे की वाचला गेला नाही, हे यंत्र सांगू शकत नाही. व्हेंडरला सांगा, पानावर काही नसेल तर "निरंक" लिहा, वाचता आलं नसेल तर "अवाचनीय" लिहा. कोरं सोडू नका.

कोकणी_पाहुणा

काका, धन्यवाद, अर्ज देऊन आलो. पण एक शंका आली. आमच्यासारख्यांच्या बाबतीत संगणकीकृत सातबाराच चुकीचा आहे. मृण्मयीताईंनी एक्सेल त्या उताऱ्याशी ताडलं तर बरोबर म्हणूनच येणार ना?

मृण्मयी_पुणे

अरे हो. हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

फेरफारवाले_काका

येणारच. तुमची तपासणी एवढंच सांगते की एक्सेल त्या पानाशी प्रामाणिक आहे. पान खरं आहे की नाही ते तिच्यातून कळत नाही. म्हणून संगणकीकृत उताऱ्यावरून भरलेली नावं असतील तर त्यांच्या मागचा हस्तलिखित उतारा आणि फेरफार हाच मूळ कागद धरा, निदान सॅम्पलमध्ये आलेल्यांसाठी.

अटलांटिकपार

एक जोडते. तपासणारेही चुका सोडतात. आमच्याकडे काही टीम एक्सेलमध्ये मुद्दाम चुका पेरतात, समजा २०, आणि तपासणाऱ्यांना सांगत नाहीत. त्यांनी १४ पकडल्या तर पकडण्याचं प्रमाण ७० टक्के, मग सापडलेल्या खऱ्या ९ चुका प्रत्यक्षात १३ च्या आसपास असाव्यात असा अंदाज बांधता येतो.

देवनागरी_टंक

पेरलेल्या चुका खऱ्या चुकांसारख्या दिसत नाहीत हा माझा आक्षेप आहे. माणूस "गट ११२ च्या जागी २११" असं काहीतरी ढोबळ पेरतो आणि ते सहज पकडलं जातं. घडीत गेलेला "ना" कोण पेरणार? त्या ७० टक्क्यांवर मी फार भरवसा ठेवणार नाही. शिवाय पेरलेल्या चुका नंतर काढायला विसरलात तर संपलंच. वेगळ्या कॉपीवरच करा.

अटलांटिकपार

मान्य, अर्धवट. म्हणूनच आम्ही आधीच्या बॅचमध्ये खरोखर सापडलेल्या चुका पुन्हा पेरतो. तरीही दोन स्वतंत्र तपासणाऱ्यांची तुलना जास्त भरवशाची, हे खरं.

मृण्मयी_पुणे

व्हेंडरशी बोलणं झालं. तो म्हणतो, चुकीच्या ९ दस्तांची यादी द्या, आम्ही दुरुस्त करून हस्तलिखितांची पूर्ण बॅच पुन्हा चालवून देतो. करारातल्या ९८ टक्क्यांवर तो अडून आहे, दस्ताचं एकक मानायला तयार नाही. सर म्हणाले, ते पक्षकार बघेल, आपण आपलं बघू.

नमुनेदार

यादी देऊ नका. निदान ओळ क्रमांक देऊ नका. ते ९ दस्त हाताने दुरुस्त होऊन येतील, बाकीचे साठेक तसेच राहतील, आणि तुम्ही तेच २०० पुन्हा तपासलेत तर सगळं चकाचक दिसेल. प्रकार सांगा: शेऱ्याचा रकाना, एकर-गुंठे, ए.कु.मॅ. आणि अ.पा.क. नवी बॅच आली की त्यातून नवं सॅम्पल काढा, `random_state` बदलून. जुने २०० स्वतःकडे ठेवा, त्यावर सुधारणा झाली का ते बघायला उपयोग होईल, पण अहवालात आकडा नव्या सॅम्पलचाच.

फेरफारवाले_काका

आणि नवी बॅच आली की आधी बरोबर असलेलं काही बिघडलंय का तेही बघा. जुन्या आणि नव्या एक्सेलमध्ये जिथे जिथे फरक पडला ते सगळे रकाने वेगळे काढा. शेरा "मंजूर" चा "नामंजूर" झालेला असेल किंवा उलटं, ते प्रत्येक पान मूळ स्कॅनवर बघितल्याशिवाय सोडू नका.

झटपट_जोशी

सरांच्या अहवालात हे सगळं लिहायचं का? की "तपासले" एवढंच?

मृण्मयी_पुणे

सरांचं आणि माझं यावर अजून एकमत नाही. त्यांना वाटतं किती तपासले आणि किती चुका निघाल्या हे लिहिलं तर पक्षकार घाबरेल. माझं म्हणणं, चौथा रकाना आणि इतर हक्क पूर्ण बघितले, बाकी सॅम्पलवर बघितलं, हे निदान परिशिष्टात हवं. नवी बॅच सोमवारी येतेय. तोपर्यंत मी आणि इंटर्न सातबाऱ्यांवरची वर्तुळं उतरवून काढतोय. पहिल्याच गटात दोन फेरफार क्रमांक असे निघाले जे एक्सेलमध्ये नाहीतच, आणि स्कॅनच्या फोल्डरमध्येही नाहीत. उद्या तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जावं लागणार.

फेरफारवाले_काका

जाताना गाव नमुना सहाच्या त्या त्या बुकाचा खंड विचारून घ्या, नुसता फेरफार क्रमांक सांगितला तर शिपाई परत पाठवेल. आणि सकाळी लवकर जा.